निन्टेन्डो स्विच डॉकवर ठेवला की टीव्हीवर येत नाही, मधेच चित्र जातं: चूक चार्जरची की स्वस्त डॉकची, आणि कन्सोल खरंच जळतो का

गणपतीच्या सुट्टीत खानापूरहून भाचा आला तो पिशवीत निन्टेन्डो स्विच हा गेमचा कन्सोल घेऊनच आला आणि दारातच सुरू, "मामा, टीव्हीवर येईना झालंय की, कधी येतंय कधी जातंय, बघा की जरा." कन्सोल त्याच्या काकांनी दुबईहून आणलेला. आपल्याकडं हा अधिकृतपणे विकतच नाहीत, त्यामुळं बेळगाव, निपाणी, चिकोडी कुठंही बघा, ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं तो कुणीतरी बाहेरून आणलेला नाहीतर मुंबई-पुण्याच्या दुकानातून इम्पोर्टचा घेतलेला असतोय. वॉरंटीला न्यायचं कुठं हा प्रश्नच येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण याच तक्रारीचे या वर्षात माझ्याकडं तीन कन्सोल आले आणि त्यातला एक खरोखर गेलेला होता.

भाच्याच्या सामानात काय काय होतं ते आधी सांगतो. ओरिजिनल डॉक, म्हणजे कन्सोल ठेवून टीव्हीला जोडायचं खोकं, नव्हता, काकांनी सामान जास्त होतंय म्हणून तो तिकडंच ठेवला. ओरिजिनल अडॅप्टर होता पण त्याची पिन दुबईची, जाड चौकोनी तीन पायांची, आपल्या बोर्डात बसत नाही, म्हणून तो कपाटात पडून. त्याच्या जागी मोबाईलचा चार्जर, त्याच्यावर ठसठशीत 80 वॅट लिहिलेलं. आणि बाजारातून घेतलेला तळहाताएवढा डॉक, दुकानदार कानडीत "ओरिजिनल ऐत्री", म्हणजे ओरिजिनल आहे, म्हणाला म्हणून घेतलेला.

पहिली तक्रार अशी की या 80 वॅटच्या चार्जरवर टीव्हीवर काहीच येत नव्हतं. कन्सोल डॉकवर ठेवला की चार्जिंगचं चिन्ह यायचं पण चित्र कन्सोलच्याच स्क्रीनवर राहायचं. पोराचं म्हणणं, ओरिजिनल चार्जर तर 39 वॅटचा आहे, हा डबल आहे, मग का नाही चालत? इथंच बहुतेक सगळे फसतात. वॅटचा आकडा बघायचाच नाही, व्होल्टची ओळ बघायची. स्विचच्या ओरिजिनल अडॅप्टरवर बारीक अक्षरात दोन आउटपुट लिहिलेले असतात, एक 5 व्होल्ट 1.5 अँपिअर आणि दुसरा 15 व्होल्ट 2.6 अँपिअर. हातात धरून खेळताना किंवा नुसता चार्ज करताना कन्सोल 5 व्होल्टवर पण भागवून घेतो, हळू चार्ज होतो एवढंच. पण टीव्हीवर चित्र टाकायचं म्हटलं की 15 व्होल्ट लागतात, ओरिजिनल डॉक तर ते मिळाल्याशिवाय टीव्हीला चित्र सोडतच नाही.

आता मोबाईलच्या चार्जरवर जे 80 वॅट लिहिलेलं असतं ते त्या कंपनीच्या स्वतःच्या फोनसाठीच्या स्वतःच्या भाषेत असतं. तो चार्जर आणि तो फोन एकमेकांशी बोलतात आणि मग जास्त करंट सुटतो. कन्सोल ती भाषा बोलत नाही, त्याला यूएसबी पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी ही सगळ्यांची सामाईक भाषा येते. ती चार्जरला येत नसली की दोघं साध्या 5 व्होल्टवर येऊन थांबतात. त्यातून चार्जरला केबल लावायची जागा जर जुन्या चपट्या आयताकृती पोर्टची असली (टाइप ए म्हणतात ती) तर पीडीचा विषयच संपला, पीडीची बोलणी सी-टू-सी केबलवरूनच होतात.

मी माझा यूएसबी-सी मीटर मधे लावला. हे छोटं यंत्र असतं, चार्जर आणि वस्तूच्या मधे लावलं की व्होल्ट आणि अँपिअर दाखवतं, ऑनलाइन काही शेकड्यात मिळतं, आणि कन्सोल बाळगणाऱ्यानं घ्यावंच असं माझं स्पष्ट मत आहे. 80 वॅटच्या चार्जरवर मीटर 5 च्या वर हललाच नाही. मग दुबईचा अडॅप्टर कपाटातून मागवला (भावजी दुसऱ्या दिवशी घेऊन आले), त्याच्यावर इनपुट 100 ते 240 व्होल्ट छापलेलं आहे हे आधी वाचून घेतलं, चांगला घट्ट बसणारा पिनेचा कन्व्हर्टर लावला आणि कन्सोलला थेट जोडला. मीटर आधी 5 दाखवून एका क्षणात 15 च्या जवळ गेला. म्हणजे कन्सोलचं पीडीचं डोकं शाबूत आहे, इतके दिवस चुकीचा चार्जर लावूनसुद्धा त्याला काही झालेलं नाही.

हे नीट लक्षात घ्या, कारण लोक उलटंच घाबरतात. कमी पडणारा चार्जर कन्सोल जाळत नाही. पीडीमध्ये चार्जर आपल्याकडं काय काय व्होल्टेज आहे त्याची यादी सांगतो आणि कन्सोल त्यातलं हवं ते मागतो, न मागता 5 व्होल्टच्या वर काही सुटत नाही. म्हणून लॅपटॉपचा 65 वॅट किंवा 100 वॅटचा नीट पीडी चार्जर लावला तरी भ्यायचं कारण नाही, 20 व्होल्ट त्याच्याकडं आहेत म्हणून ते कन्सोलमध्ये घुसत नाहीत. त्याच्या यादीत 15 व्होल्ट 3 अँपिअर आहे का एवढंच बघा. काही स्वस्त चार्जर 5, 9, 12 आणि एकदम 20 देतात, मधला 15 गाळतात, मग भरपूर वॅट असूनही टीव्हीवर काही येत नाही आणि माणूस डॉकला शिव्या देत बसतो.

धोका आहे तो न विचारता व्होल्टेज सोडणाऱ्या वस्तूंचा. जुन्या लॅपटॉपच्या गोल पिनच्या अडॅप्टरला सी टोक लावून विकतात, किंवा दहा टोकांचा युनिव्हर्सल अडॅप्टर ज्याच्यावर व्होल्टेज निवडायचं बटण असतं, यातल्या पुष्कळांमध्ये बोलणी करणारी चिपच नसते, आत जे असेल ते सरळ पिनवर. ओळखायचं सोपं आहे. नीट सी पोर्टच्या चार्जरला सी-टू-सी केबल आणि दुसऱ्या टोकाला फक्त मीटर लावला, पुढं काहीच जोडलं नाही, तर एकतर मीटर पेटत नाही किंवा काही मीटर स्वतःच मागणी करतात त्यांच्यावर 5 दिसतो. पुढं काही नसताना मीटर पेटून 12, 15, 20 असलं काही दाखवत असेल तर तो चार्जर कन्सोलच्या जवळ नेऊ नका, मोबाईललाही लावू नका.

भाच्याकडं परत येऊ. ओरिजिनल अडॅप्टर त्या छोट्या डॉकला लावला, एचडीएमआय टीव्हीला, कन्सोल ठेवला आणि चित्र आलं. पोरगं खूश, मला म्हणतंय झालं की मामा. पण दहा-पंधरा मिनिटांत चित्र गेलं, दोन सेकंद काळं, परत आलं. मग पुन्हा. खेळताना मधेच कोण टेबलाला हात लावला की. मी एचडीएमआय केबल बदलली, टीव्हीचं दुसरं पोर्ट घेतलं, टीव्ही पण बदलून बघितला, तरी तेच. मग मीटर अडॅप्टर आणि डॉकच्या मधे ठेवला आणि कन्सोलला वरून बोटानं हलकासा मागं ढकललं. मीटर 15 वरून 5 वर पडला आणि परत 15 वर चढला, आणि त्याच वेळी टीव्ही काळा. परत ढकललं, परत तेच. म्हणजे डॉकच्या प्लगमध्ये कन्सोल नीट बसत नव्हता, धक्का लागला की संपर्क तुटायचा, दोघांची बोलणी नव्यानं सुरू व्हायची आणि तेवढा वेळ चित्र जायचं.

डॉक उलटा करून मोबाईलच्या टॉर्चमध्ये त्याचा प्लग बघितला तर तो मधोमध सरळ नव्हता, एका बाजूला किंचित कललेला, आणि बोटानं हलवला की प्लॅस्टिकसकट हलत होता. ओरिजिनल डॉकमधला प्लग पण थोडा हलतो हे खरं, पण तो मुद्दाम तसा बसवलेला असतो की कन्सोल उतरताना त्यानं जागा शोधून सरळ बसावं, आणि दोन्ही बाजूच्या भिंती कन्सोलला रुळासारख्या धरून सरळच खाली आणतात. या छोट्या डॉकांना भिंती नसतात, कन्सोल नुसता त्या इवल्याशा प्लगवर उभा असतो, सगळा भार त्याच्यावर.

आता खरा मुद्दा, याच्यानं कन्सोल जळतो का. माझं उत्तर हो, जळू शकतो, आणि का ते सांगतो. यूएसबी-सी मध्ये 24 पिना असतात, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर. त्यातल्या ज्या पिनवरून करंट येतो, आपल्या बाबतीत 15 व्होल्ट, तिच्या अगदी शेजारची पिन म्हणजे सीसी, जिच्यावरून चार्जर आणि कन्सोलची बोलणी चालतात. ही सीसी पिन आतमध्ये एम92टी36 नावाच्या चिपला जाते आणि ती चिप तिथं साधारण 6 व्होल्टपर्यंतच सहन करते. प्लगचं माप चुकलेलं असलं, प्लग कललेला असला, आणि 15 व्होल्ट चालू असताना कोणी कन्सोल तिरका ओढून काढला तर या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकू शकतात. तेवढा क्षण त्या चिपला पुरतो. आवाज नाही, धूर नाही, वास नाही, फक्त त्यानंतर कन्सोल चार्ज होईनासा होतो.

मार्च 2018 मध्ये स्विचची 5.0.0 अपडेट आली तेव्हा जगभरात बाहेरच्या कंपन्यांच्या डॉकवर ठेवलेले कन्सोल बंद पडल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. ज्यांनी ते डॉक उघडून मोजमाप केलं त्यांना प्लगचं माप आणि सीसी पिनवर जाणारं व्होल्टेज या दोन्हीत गडबड सापडली. त्यावरून लोकांनी दोन टोकाची मतं केली, एक म्हणजे बाहेरचा कोणताच डॉक नको आणि दुसरं म्हणजे ते जुनं झालं, आता काही होत नाही. दोन्ही मला पटत नाहीत. सॉफ्टवेअर कितीही बदललं तरी अर्ध्या मिलिमीटरचं अंतर तेवढंच राहिलं आहे, आणि तळहाताएवढ्या बिननावाच्या डॉकमध्ये प्लग सरळ बसवला आहे की नाही हे त्या त्या नगावर अवलंबून असतं. एकाच दुकानातले दोन डॉक, एक चांगला निघेल एक नाही.

आता तो गेलेला कन्सोल. तो निपाणीच्या एका मित्राच्या पोराचा. तक्रार अशी की चार्ज होत नाही, टीव्हीवर तर येतच नाही, बॅटरी संपून बंद पडला. आधी दोन दुकानं फिरून झालेली, एकानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं चार्जिंगचं पोर्ट बदललं, दोन्हीचे पैसे गेले. मी ओरिजिनल अडॅप्टर थेट लावला, मीटर 5 व्होल्टवर, 0.4 अँपिअरच्या आसपास, आणि तिथंच अडकला. अर्धा तास ठेवला तरी 15 कडं जाईना. केबलचं टोक उलटं करून लावलं तरी तेच. दुसरा 15 व्होल्टवाला पीडी चार्जर लावला तरी तेच. चार्जर दोन्ही चांगले, माझ्या कन्सोलवर दोन्ही 15 देत होते, पोर्ट नवीन, म्हणजे बोलणी करणारी चिप गेली असा संशय पक्का होतो. खोलून बघितल्यावर एम92टी36 ला शॉर्ट होता. तो कन्सोल सुद्धा भिंती नसलेल्या डॉकवर वापरलेला आणि पोराची सवय खेळून झालं की एका हातानं तिरका उपटून काढायची. त्या डॉकनंच मारला असं मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण चिप जाताना कोणी बघितलेलं नाही, पण त्याच्या पोर्टात एका बाजूच्या पिनांवर घासल्याचे ओरखडे होते आणि डॉकच्या प्लगचं टोक त्याच बाजूला झिजलेलं होतं.

ही चिप बदलता येते, हॉट एअरचं काम येणारा आणि मायक्रोस्कोप असलेला चांगला मोबाईल रिपेअरवाला करू शकतो, बेळगावात असे हात आहेत. पण त्याला "चार्ज होत नाही" एवढंच सांगून देऊ नका, तो बॅटरीपासून सुरुवात करेल आणि त्याची चूक नाही, मोबाईलमध्ये तसंच असतं. मीटरचं रीडिंग सांगा, 5 वर अडकतोय 15 ला जात नाही, एम92टी36 आधी तपास, आणि तिच्यासोबत चित्राची लाइन सांभाळणारी चिप पण बघ, कारण कधी कधी ती पण सोबत जाते आणि मग चार्जिंग सुरू होऊनही टीव्हीवर काही येत नाही. चिप बदलल्यावर लगेच मीटर लावून 15 बघितल्याशिवाय कन्सोलचं झाकण बंद करून घेऊ नका.

तुमचा कन्सोल अजून चालतोय पण टीव्हीचा त्रास आहे तर या क्रमानं जा, घाई करू नका. अडॅप्टर भिंतीतून आणि डॉकमधून दोन्हीकडून काढा आणि निदान अर्धा मिनिट तसाच ठेवा. लाईट गेली-आली, व्होल्टेज खालीवर झालं की अडॅप्टर कधी कधी स्वतःला अडकवून घेतो आणि एवढ्यानं सुटतो, आमच्याकडं पावसाळ्यात हे मी किती वेळा बघितलंय. कन्सोल प्रतिसाद देत नसला तर पॉवरचं बटण 12 सेकंद धरून पूर्ण बंद करा आणि परत चालू करा. मग जोडताना आधी अडॅप्टर डॉकला, नंतर एचडीएमआय, आणि कन्सोल सगळ्यात शेवटी. तरी नाही आलं तर अडॅप्टर थेट कन्सोलला आणि मीटर मधे. 15 आला तर कन्सोल बरा आहे, दोष डॉक, एचडीएमआय केबल किंवा टीव्हीत आहे. 5 वर अडकला तर दुसऱ्या 15 वाल्या चार्जरवर खात्री करा, तिथं 15 आला तर चार्जर बदला, दोन्हीवर 5 तर वरची निपाणीची गोष्ट परत वाचा आणि त्याला अजून डॉकवर ठेवून बघत बसू नका.

एक गोष्ट मधेच सांगून ठेवतो, स्विच लाइट असला तर यातलं काहीच करू नका, तो टीव्हीला चित्र देतच नाही, कोणताही डॉक आणला तरी. आणि 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 चा हिशोब वेगळा आहे, त्याचा अडॅप्टर 60 वॅटचा, टीव्हीसाठी त्याला 20 व्होल्ट लागतात. पहिल्या स्विचचा अडॅप्टर त्याला चार्ज करेल पण डॉकवर पुरणार नाही, आणि जुन्या स्विचचे बाहेरचे डॉक त्याच्यावर चालतीलच असं धरून चालू नका.

भाच्यासाठी शेवटी काय केलं, तर तो तळहाताएवढा डॉक काढून टाकला. ज्याच्या प्लगवर कन्सोल उभा राहतो असला डॉक मी कुणालाच सांगणार नाही. ओरिजिनल जुना डॉक मिळाला तर उत्तम, डॉकचं खोकं तुटलेलं असलं तरी आतला बोर्ड चांगला असतो, आणि ओरिजिनल बोर्ड बसवायची छोटी रिकामी खोकी पण मिळतात. तो नाही मिळाला तर ज्याला लहान लवचिक सी केबल असते आणि कन्सोल बाजूला आडवा किंवा स्टँडवर राहतो तसला घ्या, कारण केबलचं टोक पोर्टात पूर्ण आत सरळ जातं आणि कन्सोलचं वजन प्लगवर येत नाही. आम्ही तसलाच घेतला, ओरिजिनल अडॅप्टरवरच चालवतोय. नवीन आणल्यावर अर्धा तास गेम चालू ठेवून मीटर बघितला, 15 वरून एकदाही पडला नाही, केबल हलवून बघितली तरी नाही, डॉक कोमट होता, चटका बसण्याएवढा गरम नाही. असा अर्धा तास प्रत्येक नवीन डॉकला द्या.

आणि त्याला एक सवय लावली. आपल्या बोर्डाला बटण असतं ना, खेळून झालं की कन्सोल स्लीप करायचा, बोर्डाचं बटण बंद करायचं, चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग दोन्ही हातांनी सरळ काढायचा. 15 व्होल्टच नसतील तर पिना टेकल्या तरी काय होणार. वळवाच्या दिवसात गडगडायला लागलं की बटणावर भागवायचं नाही, अडॅप्टर ओढूनच काढायचा आणि एचडीएमआय पण, कारण घरात केबल टीव्हीची वायर खांबावरून सेटटॉप बॉक्समध्ये आणि तिथून टीव्हीत येते, तिकडून आलेला झटका एचडीएमआयमधून डॉकपर्यंत पोचू शकतो. कन्व्हर्टर मात्र ढिला झालेला, ठिणगी उडणारा चालवू नका. भाच्याचा पहिला कन्व्हर्टर तसलाच होता, पिनेजवळ काळा पडलेला, तो मी माझ्याकडंच ठेवून घेतला आणि त्याला नवीन देऊन खानापूरच्या गाडीत बसवलं.